नोंद 0007: दूध संकलनाच्या प्रणालीतला एक एडीआर आणि त्यातून सुटलेली गोष्ट

हे प्रकरण आमच्याच टीमचं आहे. ग्राहकाची आणि गावांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. तांत्रिक तपशील आणि घटनांचा क्रम मात्र घडला तसाच आहे. आमच्या रेपॉझिटरीत `doc/adr` नावाचं एक फोल्डर आहे, तांत्रिक निर्णय आणि त्यांची कारणं लिहून ठेवण्यासाठी. त्यातल्या सातव्या नोंदीने दीड वर्षात आम्हाला एकदा वाचवलं आणि एकदा अर्धवट माहिती देऊन गोत्यात आणलं. या दोन्ही गोष्टी एकाच नोंदीने कशा केल्या, हे इथे मांडतो आहे.

## पार्श्वभूमी

आमची प्रणाली गावोगावच्या दूध संस्थांसाठी आहे. सकाळी साडेपाचपासून लोक कॅन घेऊन केंद्रावर येतात. काट्यावर दूध मोजलं जातं, मशीन फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, दाखवतं, सचिव सभासदाचा क्रमांक टाकतात आणि नोंद आमच्या सर्व्हरवर जाते. पाठोपाठ सभासदाच्या मोबाइलवर मेसेज जातो: किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय लागला. संध्याकाळी हेच पुन्हा होतं. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यात पशुखाद्य आणि उचल यांची कपात होते आणि उरलेली रक्कम बँकेत जमा होते.

त्या मेसेजचं वजन आम्हाला सुरुवातीला कळलं नव्हतं. फॅट अर्ध्या पॉइंटने कमी लागली तर ते सभासदाला तिथल्या तिथे कळायला हवं, कारण कॅन रिकामा झाल्यावर पुन्हा तपासायला दूधच उरत नाही. मेसेज आला नाही तर पहिला संशय सचिवावर जातो, सॉफ्टवेअरवर जात नाही. म्हणून संस्थांच्या दृष्टीने "मेसेज गेला नाही" ही बारीकसारीक तक्रार नसते.

टीममध्ये तेव्हा आम्ही पाच जण होतो: तीन बॅकएंडला, एक मोबाइल ॲपला, एक टेस्टिंगला. सर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेस, दोन कोअरच्या साध्या क्लाउड मशीनवर.

एडीआर, म्हणजे आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, आम्ही नुकतेच लिहायला लागलो होतो. मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये मांडलेला साचा छोटा आहे: शीर्षक, संदर्भ, निर्णय, स्थिती आणि परिणाम. एका निर्णयाला एक फाइल, क्रमांक पुन्हा वापरायचा नाही आणि निर्णय बदलला तरी जुनी फाइल खोडायची नाही, तिच्या स्थितीत "हिच्या जागी अमुक नोंद" एवढंच लिहायचं. मूळ साच्यात नाकारलेल्या पर्यायांसाठी वेगळा रकाना नाही. तो आम्ही जोडला होता. पुढे जे घडलं त्यात या जोडलेल्या रकान्याचा वाटा मोठा आहे.

## अडचण

सुरुवातीच्या कोडमध्ये नोंद जतन करणं आणि मेसेजच्या गेटवेला हाक मारणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं. गेटवे हळू झाला की ट्रान्झॅक्शन अडकायचं आणि केंद्रावर पुढचा माणूस कॅन हातात धरून उभा राहायचा. म्हणून आम्ही हाक कमिटच्या नंतर नेली. रांग मोकळी झाली, पण दुसरंच दुखणं सुरू झालं. कमिट झालं आणि हाक मारायच्या आत प्रोसेस बंद पडली, किंवा आम्हीच नवं व्हर्जन चढवलं, तर तेवढ्या सभासदांचे मेसेज कायमचे हरवायचे. डेटाबेसमध्ये नोंद व्यवस्थित असायची, त्यामुळे आमच्या बाजूने सगळं बरोबर दिसायचं.

मूळ प्रश्न असा: दोन वेगळ्या ठिकाणी लिहायचं आहे, एक डेटाबेसमध्ये आणि एक बाहेर, आणि दोन्ही एकत्र होतील किंवा दोन्ही होणार नाहीत याची हमी कोणीच देत नाही. हाक आधी मारली तर न झालेल्या नोंदीचा मेसेज जाऊ शकतो. नंतर मारली तर झालेल्या नोंदीचा मेसेज राहू शकतो.

## नोंदीत तोललेले पर्याय

नोंद 0007 आम्ही निर्णय घेण्याच्या आधी लिहायला घेतली. त्याआधीच्या सहापैकी चार नोंदी काम झाल्यावर लिहिलेल्या होत्या, आणि त्या वाचताना ते कळतं. त्यांत निवडलेला पर्याय एकटाच शहाणा दिसतो.

पहिला पर्याय होता आहे तेच ठेवायचं आणि हाक फसली तर प्रोसेसच्या मेमरीत पुन्हा प्रयत्न करायचा. तो लगेच बाद झाला, कारण आमचं दुखणं प्रोसेस मरण्याचंच होतं.

दुसरा पर्याय रॅबिटएमक्यूचा. टीममधल्या दोघांचा कल याच्याकडे होता, आणि मेसेज पाठवायचे म्हटल्यावर रांगेचा सर्व्हर आठवणं साहजिकही आहे. नोंद लिहिताना मात्र एक गोष्ट समोर आली जी चर्चेत सुटली होती: रॅबिटएमक्यू आणल्याने दोन ठिकाणी लिहिण्याचा प्रश्न सुटत नाही. "डेटाबेस आणि गेटवे" याच्या जागी "डेटाबेस आणि रॅबिटएमक्यू" येतं. रांगेपर्यंत निरोप पोचला याची पावती मिळते, पण कमिट आणि ती पावती यांच्या मधली फट तशीच राहते. हे वाक्य कागदावर आलं तेव्हा चर्चेचा रोखच बदलला. नोंद आधी लिहिण्याचा आम्हाला झालेला हा पहिला प्रत्यक्ष फायदा.

तिसरा पर्याय आउटबॉक्सचा. पोस्टग्रेसमध्येच `sms_outbox` नावाचा तक्ता करायचा. दुधाची नोंद आणि मेसेजची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायची, म्हणजे दोन्ही राहतील किंवा दोन्ही जातील. मग वेगळे वर्कर त्या तक्त्यातून न पाठवलेली ओळ उचलून गेटवेला देतील:

```sql
SELECT id, mobile, body
FROM sms_outbox
WHERE sent_at IS NULL
ORDER BY id
LIMIT 1
FOR UPDATE SKIP LOCKED;
```

`SKIP LOCKED` मुळे एका वर्करने धरलेली ओळ दुसरा वर्कर ओलांडून पुढे जातो, थांबून राहत नाही. ही सोय पोस्टग्रेस 9.5 पासून आहे. मेसेज गेला की त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये `sent_at` भरायचा आणि कमिट करायचं.

चौथा पर्याय डेबेझियमचा, म्हणजे डेटाबेसच्या बदलांचा लॉग वाचून त्यातून मेसेज काढायचे. त्याबद्दल नोंदीत एकच वाक्य होतं: "आपल्यासाठी फार गुंतागुंतीचं." या वाक्याकडे नंतर परत येतो.

## निर्णय आणि त्याखाली लिहिलेले परिणाम

आम्ही आउटबॉक्स निवडला. नोंद मुळात इंग्रजीत आहे. तिच्यातला महत्त्वाचा भाग मराठीत असा:

> स्थिती: स्वीकृत.
>
> रॅबिटएमक्यू का नाही: कमिट आणि रांग यांच्यातली फट राहते, म्हणजे आउटबॉक्स तरीही लागेलच. शिवाय सकाळी साडेपाचला तो सर्व्हर पडला तर उठवणारं कोणी नाही. सर्व्हर सांभाळणारा माणूस टीममध्ये आला तर हे दुसरं कारण उरत नाही. पहिलं उरतं.
>
> परिणाम: एखादा मेसेज दोनदा जाऊ शकतो, कारण गेटवेने घेतल्यावर आणि कमिटच्या आधी वर्कर मरू शकतो. एका वेळी एकच ओळ उचलत असल्याने असा दुहेरी मेसेज दर पडझडीत एका वर्करमागे एकच असेल. डेटाबेसवरचा भार वाढेल. तक्त्यात मृत ओळी साठतील, ऑटोव्हॅक्यूम त्या साफ करेल.
>
> पुन्हा विचार कधी: एका वेळच्या संकलनात 1 लाख मेसेज होऊ लागले तर.

दुहेरी मेसेजचा परिणाम लिहिला म्हणून त्यावर उपायही सुचला. मेसेजमध्ये नोंदीचा क्रमांक टाकला, म्हणजे दोनदा आला तरी सभासदाला तो एकाच दुधाचा आहे हे दिसतं. संस्थांना तसं आधीच सांगून ठेवलं. दीड वर्षात त्यावरून एकही वाद झाला नाही.

नोंदीने आम्हाला वाचवलं ते साधारण आठ महिन्यांनी. टीममध्ये नवीन आलेल्या सीनियर डेव्हलपरने आउटबॉक्स काढून थेट रॅबिटएमक्यूवर जायचा प्रस्ताव मांडला. तोवर सर्व्हर सांभाळायला माणूस आलेला होता, आणि प्रस्तावात ते कारण दिलेलंच होतं. एरवी अशा वेळी जुने लोक "आपण आधी बघितलंय, नको" म्हणतात आणि नव्या माणसाला ते पटायला काही आधार नसतो. त्याने नोंद वाचली आणि स्वतःच सांगितलं, "दुसरं कारण गेलंय, पण पहिलं अजून आहे. आउटबॉक्स काढता येणार नाही." चर्चा वीस मिनिटांत आटोपली. नाकारण्याची दोन कारणं सुटी लिहिली होती आणि त्यांतलं कोणतं कधी मरेल तेही लिहिलं होतं, म्हणून हे शक्य झालं. दोन्ही एका वाक्यात गुंफली असती, तर एक खोटं ठरताच दुसऱ्याकडे कोणी पाहिलं नसतं.

## 11 तारखेची सकाळ

अडचण आली तेव्हा संस्थांची संख्या तिप्पट झाली होती आणि सकाळच्या संकलनात 65 हजारांच्या आसपास मेसेज जात होते. नोंदीत लिहिलेल्या 1 लाखापेक्षा बरेच कमी. आम्ही निर्धास्त होतो.

त्या दिवशी सात वाजता एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "साहेब, साडेसहाला दूध घातलेल्यांना अजून मेसेज नाही. लोक काट्यापाशी थांबून राहिलेत." तासाभरात तसे आणखी फोन आले. पावणेआठला नोंद जतन व्हायलाही चार-पाच सेकंद लागू लागले, आणि ते मेसेज उशिरा जाण्यापेक्षा वाईट होतं.

डेटाबेसच्या मशीनचे दोन्ही कोअर पूर्ण भरलेले होते. गेटवे ठीक होता. सगळ्यात जास्त वेळ खात होती ती वर दिलेली, एक ओळ उचलणारी क्वेरी. एरवी तिला एक मिलिसेकंदही लागत नाही. त्या वेळी ती ऐंशीच्या पुढे होती आणि दर दहा मिनिटांनी वाढत होती.

पहिला संशय इंडेक्सवर गेला, पण इंडेक्स वापरला जात होता. मग `pg_stat_user_tables` मध्ये `n_dead_tup` पाहिला. आउटबॉक्सच्या मृत ओळींचा आकडा खूप मोठा होता, आणि ऑटोव्हॅक्यूम पुन्हा पुन्हा चालून जात होता तरी तो कमी होत नव्हता. हाताने `VACUUM VERBOSE` चालवून पाहिलं तेव्हा खुलासा झाला. जवळपास सगळ्या मृत ओळींपुढे लिहून आलं: `are dead but not yet removable`.

हे का होतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमची नोंद इथेच अपुरी होती. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी ओळ जागच्या जागी पुसली जात नाही. नवी आवृत्ती लिहिली जाते आणि जुनी मृत म्हणून पडून राहते. व्हॅक्यूम ती उचलतो, पण एका अटीवर: तिला पाहू शकेल असं जुनं ट्रान्झॅक्शन कुठेही चालू नसलं पाहिजे. कोणी पाच वाजता स्नॅपशॉट घेऊन बसलं असेल, तर पाचनंतर मेलेल्या सगळ्या ओळी डेटाबेसला राखून ठेवाव्या लागतात, मग त्या स्नॅपशॉटवाल्याने त्या तक्त्याला हातही लावलेला नसो. आमची क्वेरी `id` च्या क्रमाने सर्वात जुन्या ओळीपासून सुरू होत होती. म्हणजे प्रत्येक वर्कर एक मेसेज उचलायला आधी सकाळपासूनच्या सगळ्या मृत ओळी ओलांडत होता. पाठवलेला प्रत्येक मेसेज पुढच्या मेसेजची वाट एका ओळीने लांबवत होता.

मग स्नॅपशॉट धरून कोण बसलं होतं? `pg_stat_activity` मध्ये `backend_xmin` प्रमाणे लावल्यावर पहिलीच ओळ दहा दिवसांच्या बिलाची निघाली. ते काम 11 तारखेला पहाटे चारला सुरू झालं होतं आणि अजून चालूच होतं. संस्था कमी होत्या तेव्हा ते वीस मिनिटांत आटोपायचं, संकलन सुरू व्हायच्या खूप आधी. संस्था वाढत गेल्या तसं ते हळूहळू सरकत सकाळच्या संकलनावर येऊन बसलं. मागच्या 1 तारखेलाही थोडा उशीर झाला असणार, पण तेव्हा फोन आला नाही आणि आम्ही पाहिलं नाही.

पावणेआठला निर्णय घ्यायचा होता: बिल पूर्ण होऊ द्यायचं की मारायचं. बिल थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून चालवावं लागणार होतं आणि पैसे जमा व्हायला अर्धा दिवस उशीर झाला असता. नाही थांबवलं तर काट्यापुढच्या रांगा वाढत राहिल्या असत्या. डेअरीच्या अधिकाऱ्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "बिल दुपारी आलं तरी चालेल, काटा थांबता कामा नये." `pg_terminate_backend` ने बिलाचं काम थांबवलं, व्हॅक्यूम चालवला, आणि पंधरा मिनिटांत तुंबलेले सगळे मेसेज गेले. बिल त्याच दुपारी, दोन संकलनांच्या मधल्या वेळात पुन्हा चालवलं.

## नंतरचा निर्णय

दुपारी बसलो तेव्हा सर्वात सोपा उपाय लगेच समोर आला. बिलाच्या कामाच्या सुरुवातीला ही ओळ होती:

```sql
BEGIN ISOLATION LEVEL REPEATABLE READ;
```

हिच्यामुळे पूर्ण काम एकाच स्नॅपशॉटवर चालतं. ती काढून नेहमीच्या `READ COMMITTED` वर आलं तर स्नॅपशॉट प्रत्येक क्वेरीपुरताच राहतो आणि अडचण संपते. बदल एका ओळीचा होता. ती ओळ तिथे का आहे याची कुठेही नोंद नव्हती. गिटच्या इतिहासात फक्त "बिलातला फरक दुरुस्त" एवढा संदेश होता. बदल तयार होऊन रिव्ह्यूला आलासुद्धा.

तो थांबला तो एका जुन्या सहकाऱ्यामुळे. ती तेव्हा दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेली होती आणि सहज म्हणून तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "अरे, ती ओळ काढू नका. बिल चालू असताना सचिव जुनी नोंद दुरुस्त करतात. मग सभासदांच्या बिलांची बेरीज आणि संस्थेचं एकूण जुळत नाही. आम्ही दोन दिवस तो फरक शोधत होतो." ती ओळ काढली असती तर मेसेजचा प्रश्न सुटून पैशाचा प्रश्न परत आला असता, आणि तोही दहा दिवसांनी, हळूच.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला हा सर्वात महत्त्वाचा क्षण आहे. दोन निर्णय एकमेकांवर आदळले होते. एकाची नोंद होती, दुसऱ्याची नव्हती. ज्याची नोंद नव्हती तो निर्णय चूक समजून काढून टाकला जाणार होता, आणि तो निर्णय बरोबर होता.

म्हणून उपाय ठरवण्याआधी नोंद 0012 लिहिली, तीन वर्षं जुन्या निर्णयाची: "दहा दिवसांचं बिल एकाच स्नॅपशॉटवर निघालं पाहिजे." संदर्भात बेरीज न जुळल्याचा प्रसंग लिहिला. गरज आणि तिला दिलेलं तांत्रिक रूप वेगळं लिहिलं, आणि तसं लिहिल्यावरच वाट दिसली. गरज होती ती बिलात जाणाऱ्या सगळ्या नोंदी एकाच क्षणाच्या असण्याची. पीडीएफ तयार होईपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवण्याची गरज कधीच नव्हती.

मग नोंद 0013 मध्ये पर्याय तोलले. रेप्लिकावर बिल चालवायचा पर्याय चांगला वाटला होता, पण त्यात एक खाच आहे. `hot_standby_feedback` चालू ठेवलं तर रेप्लिकावरचा जुना स्नॅपशॉट मूळ डेटाबेसवरही सफाई अडवतो, म्हणजे दुखणं तेच. बंद ठेवलं तर सफाईच्या आड आलेलं लांब काम रेप्लिकावर मध्येच रद्द होऊ शकतं. ते टाळायला रेप्लिकाला तास-दोन तास मागे राहू द्यावं लागतं, आणि आमचे दिवसाचे अहवाल तिथूनच निघतात. आउटबॉक्सचे रोजचे वेगळे भाग करून जुना भाग टाकून देण्याचाही विचार झाला. पण आमच्या मृत ओळी त्याच सकाळच्या होत्या, म्हणून रोजच्या भागांनी काही फरक पडला नसता.

ठरलं ते असं. बिलाच्या सुरुवातीला एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये त्या दहा दिवसांच्या सगळ्या नोंदी, कपाती आणि दर `bill_work` नावाच्या तक्त्यात उतरवून घ्यायचे आणि लगेच कमिट करायचं. पुढचा हिशेब आणि पीडीएफ त्या प्रतीवरून, संस्थेगणिक वेगळ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये. प्रत काढल्यानंतर सचिवांनी केलेली दुरुस्ती पुढच्या बिलात फरक म्हणून जाईल. हा शेवटचा परिणाम डेअरीला मान्य आहे का, ते लिहून विचारलं आणि त्यांचं उत्तर नोंदीत घातलं.

नोंद 0007 चं काय करायचं यावरही मतभेद झाले. काहींचं म्हणणं होतं की 0013 ने तिची जागा घेतली असं लिहावं. पण आउटबॉक्सचा निर्णय बदलला नव्हता, चुकला होता तो परिणामांचा अंदाज. स्थिती "जागा घेतली" अशी केली असती तर नंतर वाचणाऱ्याला आउटबॉक्सच सोडला असं वाटलं असतं. शेवटी निर्णयाचा मजकूर आणि जुनं परिणामाचं वाक्य तसंच ठेवलं, आणि खाली तारीख घालून पुरवणी जोडली: "ऑटोव्हॅक्यूम साफ करेल हे खरं आहे, पण कोणतंही लांब ट्रान्झॅक्शन त्याला अडवू शकतं. पाहा 0012 आणि 0013." आपण तेव्हा काय समजत होतो हेही नंतरच्या माणसाला दिसलं पाहिजे, म्हणून जुनं वाक्य दुरुस्त करण्याला माझा विरोध होता आणि अजून आहे.

## काय झालं

21 तारखेपर्यंत बदल तयार झाला. प्रत काढायला 40 सेकंद लागले. बिलाचं उरलेलं काम तेव्हाही सकाळच्या संकलनावर सरकलं, पण मृत ओळी वेळच्या वेळी उचलल्या गेल्या आणि ओळ उचलण्याची क्वेरी एका मिलिसेकंदाच्या आतच राहिली. बेरजाही जुळल्या.

"पुन्हा विचार कधी" ही अट आम्ही पूर्ण बदलली. मेसेजची संख्या मोजणं चुकीचं होतं. एक लाख मेसेज सहज गेले असते आणि पासष्ट हजारांत प्रणाली बसली. आता अट अशी आहे: सर्वात जुना न पाठवलेला मेसेज दोन मिनिटांपेक्षा जुना झाला, किंवा डेटाबेसमधला सर्वात जुना स्नॅपशॉट दहा मिनिटांपेक्षा जुना झाला. दोन्हीवर अलार्म लावला आणि अलार्मच्या मजकुरात नोंदीचा क्रमांक घातला. पहाटे फोन वाजला की माणूस फोल्डर शोधायला जात नाही, पण समोर 0007 दिसलं की ती फाइल उघडतो.

दुसऱ्या अलार्मने पुढच्याच महिन्यात एक लांब क्वेरी पकडली. एका सहकाऱ्याने तपासणीसाठी उघडून विसरलेला कर्सर होता.

## वेगळं काय करता आलं असतं

"मृत ओळी साठतील, ऑटोव्हॅक्यूम साफ करेल" हे वाक्य लिहिताना आम्ही एक परिणाम लिहिला आणि त्याच वाक्यात तो मिटवूनही टाकला. त्यापुढे "कधी साफ करणार नाही?" हा प्रश्न कोणी विचारला असता, तर उत्तर पोस्टग्रेसच्या दस्तऐवजांत लिहिलेलं होतं आणि आमच्याच कोडमधलं बिलाचं काम लगेच आठवलं असतं. आता रिव्ह्यूमध्ये परिणामांच्या प्रत्येक आश्वासक वाक्यावर आम्ही हाच एक प्रश्न टाकतो. त्याने नोंद फार लांबत नाही.

एका वेळी एकच ओळ उचलण्याचा निर्णयही त्या नोंदीत परिणामाच्या आड लपून गेला होता. दुहेरी मेसेज कमी व्हावेत म्हणून तो घेतला, पण त्याची किंमत लिहिली नाही. पन्नासच्या गठ्ठ्याने उचलले असते तर मृत ओळी ओलांडण्याचं काम पन्नासपटीने कमी झालं असतं आणि कदाचित त्या दिवशी फोन आलाच नसता. तरीही मी तो बदल अजून केलेला नाही, कारण पडझडीत एका वर्करमागे पन्नास सभासदांना दोनदा मेसेज जाणं संस्थांना चालेल का, ते अजून विचारलेलं नाही. ती नोंद 0014, स्थिती "प्रस्तावित".

जुन्या निर्णयांच्या नोंदी मागाहून लिहाव्यात का, यावर टीममध्ये आजही दोन मतं आहेत. सगळ्या लिहायला बसलो तर निम्म्या अंदाजाने लिहिल्या जातील, आणि खात्रीने लिहिलेला अंदाज नोंद नसण्यापेक्षा धोक्याचा. आम्ही मधली वाट काढली आहे: कोडमधली जी ओळ पाहून कोणालाही "ही काढून टाकू या" असं वाटेल आणि जिचं कारण टीममधल्या एखाद्यालाच माहीत असेल, तिची नोंद लिहायची. आतापर्यंत अशा चार सापडल्या.

आणि डेबेझियमचं ते वाक्य. 0013 लिहिताना तो पर्याय पुन्हा निघाला आणि "फार गुंतागुंतीचं" वाचून कोणालाच काही ठरवता येईना. कोणासाठी गुंतागुंतीचं, कशामुळे, आणि अजूनही आहे का? तपासून पाहावं असं त्यात काहीच नव्हतं, म्हणून तो अभ्यास आम्ही पुन्हा पहिल्यापासून केला आणि त्यात तीन दिवस गेले. आता तिथे लिहिलं आहे: "वाचणारा थांबला तर रेप्लिकेशन स्लॉट लॉग धरून ठेवतो आणि डिस्क भरत जाते. आपल्याकडे डिस्कवर 20 जीबी मोकळी आहे आणि रात्री पाहणारं कोणी नाही. `max_slot_wal_keep_size` ने मर्यादा घालता येते, पण मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद होतो आणि मधले मेसेज हाताने भरावे लागतात." मोकळी जागा वाढली किंवा रात्रपाळीला माणूस आला, तर पुढचा वाचणारा यातली कोणती ओळ खोडायची ते स्वतः ठरवेल.